पाटीवरचं अक्षर किती मोठं पाहिजे : आधी अंतर मोजा, मग ब्रश उचला

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळीच्या मागेपुढे धानाची खरेदी सुरू होते आणि तेव्हा पेंटरला बोर्डाची कामं येतात. काही वर्षांआधी एका खरेदी केंद्राचा बोर्ड मी केला होता, ८ फूट बाय ४ फूट, पत्रा चांगला, ऑइल पेंट चांगला, अक्षर वळणदार. त्यात सात ओळी होत्या. वर संस्थेचं नाव, मग नोंदणी नंबर, मग धान खरेदी केंद्र, मग गाव तालुका जिल्हा, मग अध्यक्ष सचिव, खाली फोन नंबर. सगळे खुश. आठ दिवसांनी तिथलेच एक काका मला म्हणाले, "भाऊ, बोर्ड त लय झकास झाला, पण गाडीवरून वाचूनच नाही होऊन राहिला, लोक पुढे निघून जाऊन राहिले." मी गेलो, स्वतः मोटरसायकलवर दोनदा त्या रस्त्यावरून फिरलो. काका खरं बोलत होते. अक्षर सुंदर होतं पण ३ इंचाचं होतं, आणि ३ इंचाचं अक्षर त्या रस्त्यावर कामाचं नव्हतं. तेव्हापासून मी आधी अंतर मोजतो. ज्यांनी नुकतंच बोर्डाचं काम धरलं आहे किंवा ज्या गुरुजी-मॅडमला वर्गाचा फळा सुधारायचा आहे त्यांच्यासाठी ती सगळी पद्धत इथे लिहितो.

आधी हे ठरवा की "अक्षराची उंची" म्हणजे काय

इंग्रजी अक्षर वरपासून खालपर्यंत एक डब्बा असतो, आपलं तसं नाही. आपल्या अक्षराला शिरोरेषा आहे, तिच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार जातात, खाली उकार जातो. म्हणून मी उंची म्हणतो तेव्हा फक्त अक्षराचं अंग धरायचं, शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून न किंवा म च्या पायापर्यंत. वरची मात्रा त्यात नाही, खालचा उकार त्यात नाही. त्यांना जागा वेगळी सोडावी लागते, वर अंगाच्या साधारण निम्मी आणि खाली त्याहून थोडी कमी. म्हणजे १२ इंचाचं अंग असेल तर त्या ओळीने बोर्डावर २२ ते २३ इंच खाल्लेच समजा.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे फ्लेक्सवाल्याकडे नेमका इथेच घोळ होतो. तुम्ही म्हणता ६ इंचाचं अक्षर दे, तो कोरल ड्रॉमध्ये "खरेदी" हा शब्द सिलेक्ट करतो, वर उंची ६ इंच दिसते, आणि ती उंची मात्रा-वेलांटीसकट असते, अंग निघतं ४ इंचाचं. दुसरा घोळ पॉइंटचा. ७२ पॉइंट म्हणजे १ इंच हे बरोबर आहे पण तो इंच फॉन्टच्या अख्ख्या चौकटीचा, मराठी अक्षराचं अंग त्यात निम्म्याच्या आसपास बसतं, फॉन्टप्रमाणे कमीजास्त. सोपा उपाय असा की त्याच फॉन्टमध्ये त्याच साइजला नुसता "न" टाइप करायला लावा आणि त्या न ची उंची पाहा. जी दिसेल ती खरी.

मग हिशोब

डोळ्याच्या डॉक्टरकडचा तक्ता सगळ्यांनी पाहिला आहे. १८६२ मध्ये हर्मन स्नेलन नावाच्या डच डॉक्टरने तो बसवला. त्यातली ६/६ ची ओळ ६ मीटरवरून वाचायची असते आणि तिचं अक्षर जवळपास पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. म्हणजे एक मीटर अंतराला दीड मिलिमीटर अक्षर, इतकं बारीक चांगल्या डोळ्याला कसंबसं वाचता येतं. पण ही शेवटची हद्द आहे, तिच्यावर बोर्ड बनवायचा नसतो. तिथे उजेड चांगला असतो, माणूस खुर्चीवर शांत बसलेला असतो आणि अक्षर साधं इंग्रजी असतं.

आपल्याकडे चष्मा लागला तरी न लावणारे पुष्कळ, त्यांच्यासाठी ते दुप्पट करा, झाले ३ मिलिमीटर. इंग्रजी E मध्ये तीन आडव्या रेघा आणि त्यांच्यामधे दोन मोकळ्या जागा, असे उंचीत पाच भाग पडतात. आपल्या द्ध, ष्ट्र, ज्ञ मध्ये तेवढ्याच उंचीत जास्त वळणं कोंबलेली असतात, म्हणून मी अजून निम्म्याने वाढवतो. साडेचार होतात, त्याला ५ धरा. एक मीटर अंतराला ५ मिलिमीटर अंग, म्हणजे अंतराचा दोनशेवा भाग.

फुटात करायचं तर जितके फूट अंतर त्याला ६ ने गुणा आणि १०० ने भागा, उत्तर इंचात. ५० फुटांवरून वाचायचं तर ३०० भागिले १००, म्हणजे ३ इंच. जुने पेंटर "१० फुटाला १ इंच" म्हणायचे, ते याच्या जवळपास पावणेदोन पट होतं, दुकानाचं नाव लांबूनच डोळ्यात भरायला हवं असेल तर ते चांगलं आहे, पण नुसतं नीट वाचता यायला हवं असेल तर दोनशेवा भाग पुरतो. दोनशेव्या भागाच्या खाली मात्र मी जात नाही, कितीही जागा कमी असो.

अंतर कुठून मोजायचं, खरी चूक इथे होते

आता माझ्या त्या ३ इंचाच्या अक्षराकडे या. ते वाचता यायचं ५० फुटांपासून, म्हणजे १५ मीटरपासून. मोटरसायकल ५० च्या स्पीडने येते. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की सेकंदाला मीटर निघतात, तर ५० चे झाले १४. १५ मीटर म्हणजे जेमतेम एक सेकंद. आणि बोर्ड तर रस्त्यापासून ४ मीटर आत होता, त्यामुळे शेवटच्या १५ मीटरमध्ये तो समोर राहतच नाही, डोळ्याच्या कडेला जातो, मान वळवावी लागते. म्हणजे जिथून अक्षर वाचता यायला लागायचं तिथूनच बोर्ड नजरेतून सुटायला लागायचा. वाचायला मिळालेला वेळ शून्य.

उभ्या माणसासाठी अंतर म्हणजे तो उभा आहे तिथून बोर्डापर्यंत, झालं. चालत्या गाडीसाठी अंतर म्हणजे जिथून त्याने वाचायला *सुरुवात* करायची तिथपासून. मी असं धरतो : दोन-तीन शब्द ओळखायला ३ सेकंद, म्हणजे ३ गुणिले १४ बरोबर ४२ मीटर, त्यात कडेला जाणारे शेवटचे १५ मीटर मिळवले की ५७, पूर्ण करून ६०. त्याचा दोनशेवा भाग ३० सेंटिमीटर. एक फूट! पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मलाच ते जास्त वाटलं होतं म्हणून परत परत गुणाकार केला.

आणि हे ६० मीटर फक्त वाचण्यापुरते आहेत. वाचल्यावर माणसाला गाडी हळू करायची आहे, इंडिकेटर द्यायचा आहे, मागे कोणी आहे का पाहायचं आहे, त्याला अजून ६०-७० मीटर लागतात. हा सगळा हिशोब गेटवरच्या एकाच बोर्डावर टाकला तर अक्षर दोन फुटांच्या वर जातं आणि तेवढा बोर्ड कोणी करत नाही, खर्च वाढतो आणि वाऱ्यात खांबही टिकत नाही. म्हणून अक्षर फुगवण्याऐवजी बोर्डच आणा मागे. वळणाच्या १०० मीटर आधी एक बोर्ड, बाणासकट. मग माणूस तिथे फक्त वाचतो, आणि थांबायला पुढचे १०० मीटर त्याच्याकडे मोकळे असतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला तर २० च्या स्पीडनेच येतो, त्याला तो बोर्ड आरामात आठ सेकंद मिळतो.

तोच बोर्ड दुसऱ्यांदा

मग मी त्या केंद्राचा रस्त्यावरचा बोर्ड नव्याने केला. ८ बाय ४ चाच पत्रा. अंग १२ इंच. आता १२ इंचाचं "धान खरेदी केंद्र" ८ फुटात मावतं का हे आधी पाहायला पाहिजे, आणि त्यासाठी रुंदी अंगाच्या मापात मोजायची सवय लावा. न सारखं साधं अक्षर अंगाच्या पाऊण पट रुंद, र अर्ध्यापेक्षा थोडा जास्त, ख जवळपास पूर्ण, काना एक तृतीयांश, शब्दामधली जागा अर्धी. असं जोडत गेलं की धान दोनच्या आत, खरेदी अडीच, केंद्र दीडच्या वर, आणि दोन मोकळ्या जागा मिळून एक. एकूण ७. म्हणजे ७ फूट, आणि दोन्ही बाजूला सहा-सहा इंच मोकळे सोडले की बरोबर ८ फूट. उंचीत वरची ओळ मात्रा-अनुस्वार आणि कडेची जागा धरून २८ इंच गेली, उरले २० इंच, त्यात बाण आणि "१०० मीटर". म ला वर फक्त वेलांटी, खाली काही नाही, त्यामुळे १२ इंचाचं अंग तिथेही बसलं.

बाकीचं सगळं, म्हणजे संस्थेचं लांबलचक नाव, नोंदणी नंबर, पदाधिकारी, वेळ, फोन, ते गेटवरच्या बोर्डावर. तिथे माणूस ट्रॉलीतून उतरून १० फुटांवर उभा राहून वाचतो, त्याला १० गुणिले ६ भागिले १००, म्हणजे ०.६ इंच. मी सव्वा इंच केलं, ऊन-पावसाने रंग उतरतो म्हणून. मालकाला समजावताना मी एवढंच विचारतो की गाडीवरच्या माणसाला अध्यक्षांचं नाव वाचून गाडी वळवायची आहे की धान खरेदी वाचून. या प्रश्नावर अजून कोणी नाराज झालं नाही.

मोठं करूनही वाचता येत नाही, तेव्हा काय

अक्षर फूटभर असूनही चुकीचं वाचलं जातं असं होतं, आणि "धान" हा शब्द त्यासाठी अगदी वाईट. ध च्या डाव्या बाजूला शिरोरेषा नसते, तिथे अक्षर आत वळतं. पेंटर काय करतो, आधी पट्टी लावून अख्ख्या शब्दावर एक सरळ शिरोरेषा मारून घेतो आणि मग खाली अक्षरं लटकवतो. झाला "घान". भ चा म असाच होतो, आणि मग "भाव" चा "माव". जवळून ध्यानात येत नाही कारण आपल्याला शब्द माहीत असतो, लांबून येतं.

म्हणून माझा एक नियम आहे : रेघेची जाडी अंगाच्या सातव्या भागाच्या आसपास, आणि अक्षराच्या आत कुठलीही मोकळी जागा रेघेच्या जाडीपेक्षा कमी नको. १२ इंचाला जाडी पावणेदोन इंच. तेवढाच गाळा ध च्या वळणाजवळ सोडला की ६० मीटरवरून तो बुजत नाही. मोठं दिसावं म्हणून अक्षर जाड करायचा मोह होतो, आणि नेमकं त्यानेच हे गाळे भरतात. जाड नका करू, उंच करा. ख चं उलट आहे, त्याचे दोन भाग खाली नीट जोडा, नाहीतर "रवरेदी" वाचतात.

रंगाचं थोडक्यात : पिवळ्यावर काळं किंवा गडद निळ्यावर पांढरं. धान आहे म्हणून पिवळ्यावर पोपटी अक्षर करा असं सांगणारे भेटतात, ते करू नका, लांबून दोन्ही एकच दिसतं. एखादी शंका असेल तर मोबाइलने फोटो काढून काळा-पांढरा करून पाहा, त्यात अक्षर विरघळलं तर उन्हात, धुळीत, संध्याकाळी तेच होणार.

पत्रा रंगवायच्या आधी कागदावर तपासा

हा हिशोब प्रमाणाचा आहे, म्हणून तो लहान करूनही तपासता येतो. सगळं दहा पट लहान करा. ८ बाय ४ चा बोर्ड होतो साधारण २४ बाय १२ सेंटिमीटर, आडव्या ए-फोर कागदावर आरामात मावतो. अक्षर ३० सेंटिमीटरचं झालं ३ सेंटिमीटर. अंतर ६० मीटरचं झालं ६ मीटर, म्हणजे २० फूट. प्रिंट काढा किंवा हाताने स्केचपेनने काढा, अंगणात भिंतीला चिकटवा, २० फुटांवरून पाहा.

पण तुम्ही स्वतः पाहून काही उपयोग नाही, तुम्हाला काय लिहिलं आहे ते माहीत आहे. ज्याने तो मजकूर पाहिला नाही अशाला उभं करा, आणि शक्यतो पन्नाशीच्या पुढच्या माणसाला. कागद झाकून ठेवा, उघडा, तीन मोजा, परत झाका, मग विचारा काय वाचलं. अडखळला तर कोणत्या अक्षरावर अडखळला ते विचारा. एकाच अक्षरावर अडखळत असेल तर आकार सुधारा, सगळंच धूसर म्हणत असेल तर उंची वाढवा. या तपासणीत गाडीचे धक्के आणि धूळ नसते, म्हणून इथे जे जेमतेम वाचलं जातं ते रस्त्यावर वाचलं जाणार नाही असंच धरा.

वर्गातला फळा

शाळेतही तोच दोनशेवा भाग. टेप घ्या, फळ्यापासून शेवटच्या ओळीतल्या पोराच्या डोळ्यापर्यंत मोजा, भिंतीपर्यंत नाही. आमच्या बाजूच्या एका जिल्हा परिषद शाळेत ते २४ फूट निघालं. २४ गुणिले ६ भागिले १००, जवळपास दीड इंच. तर्जनी आणि मधलं बोट जोडून फळ्यावर आडवी ठेवा, बहुतेकांची रुंदी तेवढ्याच्या जवळ भरते, शिकवताना हेच माप. दोन ओळींमधलं अंतर शिरोरेषेपासून शिरोरेषेपर्यंत ३ इंच ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडत नाही. मी तिथे फळ्याच्या रंगापेक्षा किंचित फिक्या रंगाने ३-३ इंचावर बारीक रेघा मारून दिल्या, लांबून दिसत नाहीत, लिहिणाऱ्याला दिसतात. त्याआधी ओळ सुरू व्हायची दोन इंचाने आणि उजवीकडे पोचेपर्यंत एक इंचावर यायची, बहुतेकांचं तसंच होतं, हात लांब जातो तसं अक्षर आक्रसतं.

४ फूट उंचीच्या फळ्यावर ३ इंचाने १६ ओळी मावतात असं कागदावर वाटतं, पण खालचा एक-दीड फूट पुढच्या पोरांच्या डोक्यामागे जातो. शेवटच्या ओळीत पोरांच्या उंचीवर बसून पाहा आणि जिथून दिसायचं थांबतं तिथे खडूने खूण करा. त्या शाळेत १० ओळीच कामाच्या निघाल्या. आडवं ८ फूट एकदम लिहू नका, मधे उभी रेघ मारून दोन भाग करा, कारण पहिल्या ओळीत कोपऱ्यात बसलेल्या पोराला समोरच्या टोकाचं अक्षर तिरपं, दबलेलं दिसतं.

खडूही पाहा. नवीन खडूच्या टोकाने रेघ फार बारीक येते, दीड इंचाच्या अक्षराला जाडी ५ मिलिमीटर पाहिजे, म्हणून खडू मोडून त्याची सपाट कड वापरा.

सगळ्यात जास्त सुटतो तो हातचा. बेरजेचे आकडे मॅडम व्यवस्थित दीड इंचाचे काढतात आणि वर हातचा १ लिहितात तो पाऊण इंचाचा. पाऊण इंच म्हणजे १२ फुटांपर्यंत. अर्ध्या वर्गाला बेरीज दिसते पण हातचा दिसत नाही, आणि मग मागची पोट्टी दशकाच्या घरात एकने चुकतात, वह्या तपासताना ती चूक गणिताची वाटते. हातचाही दीड इंचाचाच काढा, वेगळ्या रंगाच्या खडूने. अपूर्णांकालाही तसंच, अंश आणि छेद दोन्ही पूर्ण उंचीचे, एका अपूर्णांकाला दोन ओळी द्या.

एवढं करूनही एखाद्या पोराला शेवटच्या ओळीतून वाचता येत नसेल आणि बाजूच्याला येत असेल, तर अक्षर अजून मोठं करू नका. त्याला पुढे बसवा आणि डोळे तपासून घ्या, शाळेत पोरांची तब्येत तपासायला आरबीएसकेची टीम येते तेव्हा त्याचं नाव पहिलं सांगा. आणि सगळ्यांनाच एका बाजूचं दिसत नसेल तर तो खिडकीचा उजेड फळ्यावर चमकतो आहे. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा चारही कोपऱ्यांत बसून पाहा, चमक जिथे पडते तेवढा भाग त्या वेळेला सोडून लिहा किंवा खिडकीला पडदा लावा.